फोटोतला बूट ओळखताना

आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांच्या बुटांचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण खरं सांगा, घरातल्या पुरुषांचे बूट आणतं कोण? मुलाचा इंटरव्ह्यू असो, दिराचं लग्न असो, जावयाचा मानपान असो, पिशवी घेऊन बाजारात आपणच जातो.

आमचं जालन्यात बुटांचं छोटं दुकान आहे. सकाळी आमचे हे बसतात, दुपारनंतर मी. लग्नसराईत मुलीकडची माणसं नवरदेवाचे बूट घ्यायला येतात. पूर्वी नवरदेव सोबत असायचा, पाय घालून बघायचा, विषय संपायचा. आता नवरदेव पुण्याला नाही तर संभाजीनगरला नोकरीवर. तो मोबाइलवर एक फोटो पाठवून देतो, ‘असाच बूट पाहिजे’. मग मुलीची आई तो फोटो माझ्यासमोर धरते आणि विचारते, “ताई, हे काय आहे?”

आणि मैत्रिणींनो, फोटोतला बूट ओळखणं वाटतं तेवढं सोपं नाही. मी स्वतः फसले आहे. दोन वर्षांपूर्वी मंठ्याकडच्या एका लग्नासाठी असाच फोटो आला होता. काळा बूट, पुढून निमुळता, लेसवाला. मी रंग बघितला, टोक बघितलं, लेस बघितली आणि तसाच दिसणारा आठ नंबरचा जोड काढून दिला. लग्नाच्या सकाळी नवरदेवाचा पाय बुटात जाईना. लेस पूर्ण सैल केली तरी जाईना. शेवटी तो मंडपात चप्पल घालून आला. सूट अंगावर आणि पायात घरची चप्पल. मुलीच्या आईला त्या दिवशी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. नंबर बरोबर होता. चुकला होता तो बुटाचा प्रकार. फोटोत डर्बी होता आणि मी दिला ऑक्सफर्ड. चूक माझीच होती, म्हणून पैसे परत दिले. तो जोड अजून आमच्या माळ्यावर आहे.

हे डर्बी आणि ऑक्सफर्ड म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

लेसवाला बूट वरून बघा. मधे लेस असते. लेसच्या दोन बाजूंना कातड्याचे दोन तुकडे असतात, त्यांनाच लेसची भोकं असतात. त्यांना आपण पाकळ्या म्हणू. आणि बोटांवर, चवड्यावर येतो तो कातड्याचा पुढचा तुकडा. आता प्रश्न एवढाच, की या तिघांत वर कोण आणि खाली कोण?

डर्बीत पाकळ्या वर असतात. पुढच्या तुकड्यावर त्या नुसत्या ठेवल्यासारख्या असतात, फक्त बाजूने शिवलेल्या. त्यांची पुढची टोकं मोकळी. लेस काढली की दोन्ही पाकळ्या खिडकीच्या झडपांसारख्या बाहेर उघडतात. ऑक्सफर्डमध्ये उलटं. पुढचा तुकडा वर येतो आणि पाकळ्यांची खालची टोकं त्याच्याखाली शिवून बंद केलेली असतात. लेस काढली तरी वरच्या बाजूला थोडी चीर उघडते, खाली ती शिवलेलीच राहते.

शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे एका वाक्यात कळेल. ऑक्सफर्ड म्हणजे गळ्याला चीर दिलेला कुर्ता. बटणं काढली तरी चीर जिथे संपते तिथे ती बंदच. डोकं मोठं असेल तर कुर्ता अडकतो. डर्बी म्हणजे जाकीट. पुढून दोन्ही भाग सुटे, हवं तेवढं उघडा. माझ्या त्या नवरदेवाचं काय झालं होतं? त्याच्या पायाचा वरचा भाग, घोट्याच्या पुढे जिथे पाऊल चढतं तो उंचवटा, चांगलाच उंच होता. काही जणांचा असतोच. असा पाय जाकिटात जातो, कुर्त्यात अडकतो.

म्हणून हा फरक नुसता दिसण्याचा नाही. घरात कुणाच्या पायाला संध्याकाळी सूज येत असेल, पाऊल रुंद असेल, तर त्याला डर्बी सोयीचा. लेस थोडी सैल केली की जागा होते. ऑक्सफर्ड पायाला चिकटून, नीटनेटका दिसतो. म्हणून सूट घालणाऱ्यांत त्याला जास्त मान आहे. पण तो मान ज्याचा पाय त्यात बसतो त्याच्यासाठी.

आता फोटोत हे कसं बघायचं? टोक सोडा, रंग सोडा. बोटाने फोटो मोठा करा आणि लेस जिथे खाली संपते, म्हणजे बोटांकडचं शेवटचं भोक जिथे आहे, तिथे नजर लावा. डर्बी असेल तर तिथे पाकळीची कड दिसते. कातड्यावर कातडं बसलंय म्हणून कडेला जाडी दिसते, तिच्याखाली बारीक सावली पडते. दोन पाकळ्यांच्या मधे जी जीभ दिसते, ती पुढच्या तुकड्यातूनच सरळ वर आलेली असते, मधे आडवी शिवण नसते. ऑक्सफर्ड असेल तर तिथे लहानसा ‘व्ही’ दिसतो आणि त्याच्या खालच्या टोकाला बहुतेक वेळा एक छोटी आडवी टाक्यांची गाठ असते, आपण खिशाच्या तोंडाशी शिवण उसवू नये म्हणून मारतो तशी. ती गाठ दिसली की समजायचं ऑक्सफर्ड.

घरात बूट असेल तर आजच करून बघा. बुटाच्या टोकापासून बोट फिरवत लेसकडे न्या. डर्बीवर बोट पाकळ्यांच्या मधून सरळ जिभेवर जातं, कुठेही ठेच लागत नाही. ऑक्सफर्डवर मधेच कातड्याची कड लागते आणि बोट एक पायरी खाली उतरतं. आपल्या मुलांचे शाळेचे लेसवाले काळे बूट बघा, ते बहुतेक डर्बीच असतात. लहान मुलांना ते घालायला सोपे पडतात, ते यामुळेच.

या उघड्या पाकळ्यांची एक गोष्ट सांगतात. नेपोलियनला 1815 साली वॉटर्लूच्या लढाईत हरवणाऱ्यांत प्रशियाचा एक म्हातारा सेनापती होता, ब्ल्यूखर नावाचा. सैनिकांना बूट पटकन घालता-काढता यावेत म्हणून त्याने उघड्या पाकळ्यांचे बूट करून घेतले, असं म्हणतात. खरं-खोटं तो जाणे, पण अमेरिकेत अजूनही अशा बुटाला त्याच्याच नावाने ओळखतात. तेव्हा एखाद्या डब्यावर डर्बीऐवजी ब्लूचर लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. आणि डब्यावर किंवा मोबाइलच्या दुकानात लिहिलेल्या नावावर फार विसंबूही नका. सगळ्याच लेसवाल्या काळ्या बुटांना ऑक्सफर्ड लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. नाव वाचू नका, लेसचं खालचं टोक बघा.

आता बिनलेसच्या बुटांकडे येते. यात दोन जाती जास्त चालतात, लोफर आणि मंक.

लोफर म्हणजे सरळ पाय घालायचा आणि चालू लागायचं. ना लेस, ना बक्कल. कुर्ता आणि जाकीट झालं, तर हा टी-शर्ट समजा. याचं तोंड खोलगट असतं, त्यामुळे मोजा बराच दिसतो. बहुतेक लोफरच्या पुढच्या भागावर उलट्या ‘यू’सारखी एक उठावदार शिवण असते, जणू बुटाला वरून झाकण बसवलंय. त्या झाकणाच्या मागे पावलावर एक आडवी पट्टी असते आणि पट्टीला मधे बारीक चीर. अमेरिकेतल्या कॉलेजची पोरं त्या चिरेत एक पेनीचं नाणं खोचायची, म्हणून त्याला पेनी लोफर म्हणतात. काहींना पट्टीऐवजी कातड्याचे दोन गोंडे असतात, काहींना घोड्याच्या लगामासारखी धातूची कडी. पण गोंडा असो की कडी, ती शोभेची. ती काही उघडत नाही.

मंक म्हणजे युरोपातल्या मठात राहणाऱ्या साधूंच्या नावावरून पडलेलं नाव. ते लेसऐवजी पट्टा आणि बक्कल असलेलं पायताण घालत, म्हणून. याची बांधणी बरीचशी डर्बीसारखी, म्हणजे जाकीटच. फक्त बटणांच्या जागी पट्टा. आतल्या बाजूची पाकळी लांब होऊन पावलावरून पलीकडे जाते आणि बाहेरच्या बाजूला बकलात अडकते. एक पट्टा असेल तर सिंगल मंक, दोन असतील तर डबल मंक.

तुम्ही म्हणाल, बक्कल दिसलं की मंक, नाही दिसलं की लोफर, यात अवघड काय? हेच मलाही वाटायचं. मग गेल्या हिवाळ्यात घनसावंगीच्या एक काकू आल्या. त्यांच्याकडच्या फोटोचं सविस्तर सांगते.

काकूंच्या मुलीचं लग्न ठरलेलं, जावई पुण्यात. त्याने मित्राच्या रिसेप्शनमधला स्वतःचा फोटो पाठवला होता. तो बूट होता मित्राचा, उसना. आता तसाच स्वतःसाठी हवा होता. फोटोत तो खुर्चीवर पायावर पाय टाकून बसलेला. वरचा पाय उजवा, आणि त्याची आतली बाजू कॅमेऱ्याकडे. दुसरा बूट टेबलाखाली अंधारात. काकूंनी आधी आणखी एका ठिकाणी विचारलं होतं, तिथे त्यांना लोफर सांगितला होता. पावलावर आडवी पट्टी दिसत होती, लेस नव्हती, बक्कल नव्हतं. पट्टी आहे, बक्कल नाही, म्हणजे पेनी लोफर. हिशेब बरोबर वाटतो की नाही?

मी फोटो मोठा करून बघत बसले. पहिली गोष्ट खटकली ती पट्टीची जागा. पेनी लोफरची पट्टी खाली असते, पुढच्या भागाच्या शेवटाला, आणि तिची दोन्ही टोकं खाली तळाकडे जाऊन शिवणीत गडप होतात. या फोटोतली पट्टी बरीच वर होती, घोट्याच्या जवळ. आणि ती तळाकडून येत नव्हती. बुटाच्या बाजूच्या कातड्यातूनच ती निघाली होती, सलग, मधे जोड नाही, आणि पावलावरून पलीकडे गेली होती. दुसरी गोष्ट, मोजा. लोफरमध्ये पावलावरचा मोजा बराच दिसायला हवा. इथे पँट वर सरकली होती तरी पावलावर मोजा दिसत नव्हता, घोट्याशीच काय तो दिसत होता. म्हणजे बुटाचं तोंड उंच. तिसरी गोष्ट, पुढच्या भागावर ती झाकणासारखी ‘यू’ शिवण नव्हती. पुढचा भाग साधा, गुळगुळीत.

आता बक्कल कुठे गेलं? ते पलीकडच्या बाजूला होतं. मंकचं बक्कल नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला असतं. आत असेल तर चालताना एक बक्कल दुसऱ्या बुटाला घासेल. आणि या फोटोत आपल्याला दिसत होती आतली बाजू. त्या बाजूने बघितलं तर कुठल्याही मंकला बक्कल नसतंच.

मी काकूंना म्हटलं, “काकू, मला हा मंक वाटतो. पण मी एकदा फसलेली आहे, म्हणून वाटण्यावर जोड देणार नाही. जावयाकडून अजून एक फोटो मागवा, बाहेरच्या बाजूचा.” काकू जरा अवघडल्या. “अहो, जावयाला पुन्हा पुन्हा कसं विचारायचं? त्यांना वाटेल यांना एवढंही कळत नाही.” मी म्हटलं, “मग मुलीला सांगा विचारायला. तिचं तर रोज बोलणं असेल.” काकू हसल्या. रात्री फोटो आला. बाहेरच्या बाजूला एक चौकोनी बक्कल होतं, एक पट्टा. सिंगल मंक.

आता टोकाचं सांगते. मी सुरुवातीला टोक सोडा म्हटलं, ते टोकाला महत्त्व नाही म्हणून नव्हे. टोकावरून बुटाचा प्रकार ठरत नाही म्हणून. बूट ज्या साच्यावर ओढून बनवतात त्याला फर्मा म्हणतात. फर्म्याचं टोक जसं तसं बुटाचं टोक. गोल फर्म्यावर डर्बीही बनतो, ऑक्सफर्डही आणि मंकही. आग्र्याहून माल येतो तेव्हा एकाच टोकाचे तीन प्रकार आणि एकाच प्रकाराची तीन टोकं आम्ही एका खोक्यात बघतो. त्यामुळे आधी लेस किंवा पट्टा बघून प्रकार ठरवायचा, मग टोक जुळवायचं. मी मंठ्याच्या लग्नाला उलटं केलं होतं, टोक जुळवलं आणि प्रकार गृहीत धरला.

टोकं मुख्य चार. एक सरळ गोल, शाळेच्या बुटासारखं. दुसरं बदामी, म्हणजे पुढे हळूहळू निमुळतं होत गेलेलं पण टोकाशी पुन्हा गोलसर, सोललेल्या बदामासारखं. तिसरं टोकदार. चौथं चपटं, समोरून सुरीने कापल्यासारखी सरळ कड असलेलं. पहिली दोन कपड्यांबरोबर कुठेही चालतात. टोकदार आणि चपट्याची लाट येते आणि जाते. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या अल्बममध्ये बघा, सगळे नवरदेव लांबलचक टोकाच्या बुटात दिसतील. मला विचाराल तर बदामी टोक घ्यावं, म्हणजे वीस वर्षांनी फोटो बघताना मुलं हसणार नाहीत. टोकदार बुटात आणखी एक भानगड असते. बोटांच्या पुढे रिकामी जागा असते, म्हणून तोच आठ नंबर गोल बुटापेक्षा लांब दिसतो. फोटोत लांबी बघून नंबर ठरवू नका.

पण टोकाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवतो तो कॅमेरा. मोबाइल बुटाच्या अगदी जवळ, समोरून जमिनीलगत धरला तर टोक कॅमेऱ्याला जवळ आणि टाच लांब. मग टोक फुगून दिसतं, बदामी बूटही गोल वाटतो. टाचेच्या मागून, वरून धरला तर टाच जवळ आणि टोक लांब, मग टोक बारीक होऊन टोकदार वाटतं. एकच बूट, दोन फोटो, दोन प्रकार. काकूंच्या जावयाने आपल्या पहिल्या फोटोवर ‘टोकदार हवा’ असं लिहिलं होतं. मित्राचा बूट परत दिल्यावर तो तसाच त्याच्या डोळ्यात राहिला होता. मित्राने काढलेला दुसरा फोटो आला तेव्हा बूट सरळ वरून दिसत होता. टोक बदामी होतं.

पुढच्या भागावर आणखी काही नक्षी असते, तीही प्रकार समजून लोक गोंधळतात. बोटांवर आडवी सरळ शिवण असेल तर ती टोपी. पक्ष्याने पंख पसरल्यासारखी ‘डब्ल्यू’ आकाराची असेल तर तिला विंगटिप म्हणतात. बारीक भोकांची जाळी असेल तर ब्रोग. ही सगळी दागिने समजा. साडीला जर असली म्हणून ती पैठणी होत नाही, तसं भोकं असली म्हणून बुटाचा प्रकार बदलत नाही. ब्रोग डर्बीही असतो, ब्रोग ऑक्सफर्डही.

आणि स्वस्त मालात हे दागिने खोटे असतात. रेक्झिनच्या एकाच तुकड्यावर साचा दाबून शिवणीची रेघ आणि भोकांचे खड्डे उठवलेले असतात. फोटोत ओळखायचं असेल तर कडेची जाडी बघा. खरी शिवण असेल तर कातड्यावर कातडं चढलेलं असतं, कडेला बारीक सावली असते आणि तिच्या बाजूने टाक्यांची ओळ चालते. दाबलेली रेघ नुसती रेघ असते, तिच्या दोन्ही बाजूंना चकाकी सारखीच. काही बुटांना लेस दिसते, पण ती शोभेची असते, आत बाजूला चेन किंवा इलॅस्टिक. म्हाताऱ्या माणसांना ते सोयीचं पडतं, पण लेस सैल करून पाय बसेल या भरवशावर घेतलात तर फसलात.

काळ्या बुटाचा फोटो असेल तर आणखी एक करा. फोटोचा उजेड वाढवा. मोबाइलमध्ये फोटो दुरुस्त करायची सोय असते, तिथे उजेडाची पट्टी उजवीकडे सरकवा. बाकी चित्र पांढरं पडेल, पडू द्या. काळ्यात दडलेल्या शिवणी वर येतात. मंठ्याच्या त्या फोटोवर मी नंतर हे करून बघितलं, तर पाकळ्यांची मोकळी कड स्वच्छ दिसली. एवढं आधी केलं असतं तर.

आता आमच्या दुकानात कुणी फोटो घेऊन आलं की मी तीन फोटो मागते. एक सरळ वरून, दोन्ही बूट जमिनीवर शेजारी ठेवून. यात लेसचं खालचं टोक आणि बुटाचं टोक दोन्ही कळतं. दुसरा बाहेरच्या बाजूने, मोबाइल बुटाच्या उंचीला धरून. यात बक्कल, पट्टी आणि टाच कळते. तिसरा, लेस किंवा बक्कल उघडून. बूट किती उघडतो ते या तिसऱ्यात दिसतं, आणि पाय अडकणार की नाही ते त्यावर ठरतं. मोबाइल जवळ न्यायचा नाही, तीन-चार फूट लांब उभं राहायचं आणि हवं तर चित्र मोठं करून काढायचं, म्हणजे टोक फुगत नाही. जमलं तर जिभेच्या आत किंवा बाजूच्या अस्तरावर छापलेले आकडे दिसतील असा चौथा. तिथे नंबर असतो, कधी मालाचा नंबरही असतो.

नंबर मात्र फोटोवरून ठरवायचा नाही. कागदावर पाय ठेवून, उभं राहून, पेन्सिल सरळ धरून चौफेर रेघ काढायची. संध्याकाळी काढायची, सकाळी पाय बारीक असतो. आणि पावलावरच्या उंचवट्यावरून शिवणकामाची टेप फिरवून तेही माप लिहायचं. नवरदेवाचं हे माप मी मंठ्याच्या वेळी विचारलंच नव्हतं.

काकूंच्या जावयाने मापाचा कागद मुलीच्या मामाबरोबर पाठवला. आठ नंबर, पावलाचा उंचवटा मात्र चांगला उंच. आमच्याकडे सिंगल मंक होता, टोक बदामी, रंग गडद तपकिरी. मी त्याचे तीन फोटो काढून काकूंच्या हाती दिले आणि म्हटलं, हे आधी जावयाला दाखवा, मगच पैसे द्या. त्याचं उत्तर आलं, काळा हवा होता, पण हाही चालेल. मी विचारलं, सूट कोणत्या रंगाचा? निळा. मग तपकिरी राहू दे, म्हटलं. काळ्या सूटवर मी तपकिरी दिला नसता.

काकूंना देताना मी बक्कल उघडून दाखवलं. पट्ट्याच्या बकलाजवळ आत इलॅस्टिकची छोटी पट्टी होती. अनेक मंकना असते. त्यामुळे एकदा भोक ठरवलं की रोज बक्कल उघडावं लागत नाही, पाय तसाच आत सरकतो. लग्नात याची किंमत कळते. नवरदेवाला विधीसाठी दहा वेळा बूट काढावे लागतात, आणि लेसवाला असला की दर वेळी करवला खाली वाकलेला. मी काकूंना सांगितलं, जावयाला म्हणावं, घरात चादरीवर घालून बघा, फरशीवर नको. तळ घासला की दुकानदार परत घेत नाही, मीही घेत नाही. आणि लग्नाच्या दिवशी संध्याकाळी पाय जड वाटला तर पट्टा एक भोक पुढे सोडायचा.

लग्नानंतर महिन्याभराने काकू पेढे घेऊन आल्या. बूट व्यवस्थित बसले होते. फक्त करवल्यांनी त्यातला एक लपवला तो सापडायला तास लागला आणि जावयाला पाच हजार मोजावे लागले. मी म्हटलं, काकू, त्याला माझा इलाज नाही.